रॉ जीन्स सहा महिने न धुता घातली, तरी फेड येत नाही आणि आसनात फाटते: कारण आणि उपाय

तक्रार जवळपास ठरलेली असते. कोणीतरी हौसेनं कडक, गडद निळी रॉ डेनिम, म्हणजे कारखान्यात न धुतलेली जीन्स घेतो. सहा महिने पाणी लावायचं नाही, मग मांडीवर पांढऱ्या रेघा आणि गुडघ्यामागे जाळी उठते, म्हणजे फेड येतो, असं त्यानं ऐकलेलं असतं. तो नेमानं पाळतोही. सहा महिन्यांनी हातात येते ती मळकट, करड्या झाकेची पँट. रेघा पुसट, गुडघे पोंगलेले, कपाट उघडलं की कुबट वास, आणि आसनात, म्हणजे दोन्ही मांड्यांच्या शिवणी जिथे एकत्र येतात तिथे, बोट जाईल एवढं भोक. कापडच हलकं निघालं, असा मग निष्कर्ष निघतो.

बहुतेक वेळा कापडाचा दोष नसतो. माझी पहिली जोडी अशीच गेली आणि दुसरी, तितक्याच वजनाच्या कापडाची, उत्तम टिकली. दोन्हींमध्ये फरक होता तो कुठल्या महिन्यात घालायला सुरुवात केली आणि केव्हा धुतली, एवढाच.

आधी आपल्या हातात काय आहे ते तपासा, कारण अर्धी गफलत इथेच होते. दुकानात ‘रॉ’ हा शब्द फार सैल वापरला जातो. खरी रॉ जीन्स नवी असताना पुठ्ठ्यासारखी उभी राहते. तिला खळीचा वास येतो, रंग सगळीकडे एकसारखा असतो. शिवणींच्या कडेला सुरकुत्या नसतात, कमरेमागचा चामड्याचा तुकडा सपाट असतो आणि कापडाची आतली बाजू स्वच्छ पांढरट दिसते. ओला पांढरा रुमाल मांडीवर चार वेळा घासला की निळा होतो. धुऊन विकलेल्या जीन्समध्ये शिवणींजवळचं कापड आधीच आक्रसून चुणीदार झालेलं असतं, हाताला मऊ लागतं आणि आतल्या पांढऱ्या धाग्यांवरही हलकी निळसर झाक असते, कारण धुलाईत सुटलेला रंग त्यांच्यावर परत बसलेला असतो. शिवाय मांडीवर फिकट पट्टे आधीच दिसत असतील तर शंकाच नको, ते कारखान्यात पाडलेले आहेत.

आता फेड म्हणजे नक्की काय होतं ते पाहू. डेनिममध्ये ताण्याचे, म्हणजे उभे धागे इंडिगोत रंगवलेले असतात आणि बाण्याचे आडवे धागे पांढरेच ठेवतात. इंडिगो पाण्यात विरघळत नाही. म्हणून रासायनिक क्रिया करून तो आधी विरघळणाऱ्या, पिवळट-हिरव्या रूपात आणतात. त्यात धागा बुडवून बाहेर हवेत काढला की तो निळा होतो. असं अनेकदा बुडवून थरावर थर चढवतात. हा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या कड्यातच राहतो. म्हणून जिथे घासलं जातं तिथे बाहेरचं कडं झिजतं आणि आतला पांढरा गाभा उघडा पडतो. फेड म्हणजे ही झीज. पण ती एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा व्हायला हवी, तरच रेघ उठते. कापडाची घडी रोज वेगवेगळ्या जागी पडली तर झीज सगळीकडे पसरते आणि पँट नुसती फिकी होते.

घडी एका जागी कोण धरून ठेवतं? खळ. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात आणि रॉ कापडात ती तशीच राहिलेली असते. पहिल्या काही आठवड्यांत मांडीवर आणि गुडघ्यामागे ज्या घड्या पडतात, त्या खळीमुळे कायमच्या बसतात. पांढऱ्या सुती साडीला खळ करून ती कडक वाळवली तर चुण्या दिवसभर टिकतात, आणि पावसाळी दमट हवेत तीच साडी तासाभरात लोळागोळा होते, हे आपल्या घरांत कोणालाही सांगावं लागत नाही. डेनिमचंही तसंच होतं. मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की खळ घडी धरूनच ठेवत नाही. त्यात घाम आला की कापड दुपारपर्यंत ढिलं पडतं.

माझी पहिली जोडी मी मेच्या शेवटी घेतली होती. कापड चौरस यार्डाला १४ औंस वजनाचं आणि सॅनफोराइज्ड, म्हणजे मिलमध्येच आधी आटवून दिलेलं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून आठवड्याचे पाच दिवस, नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत ती घातली. साधारण २६ आठवडे, म्हणजे १३० दिवस. रोज ठाण्याहून लोकलचा प्रवास, तोही बहुतेक उभ्यानं. पाणी लावलं नाही म्हणायचं, पण पावसात ती सात-आठ वेळा चिंब भिजली आणि पंख्याखाली वाळली. खळ जुलैतच संपली होती. त्यापुढे घामाचं मीठ, अंगाचं तेल आणि रस्त्याची धूळ धाग्यांच्या मध्ये साठत गेली. ऑक्टोबरमध्ये आसनाच्या आतल्या बाजूला हात फिरवला की चिकट आणि किंचित खरखरीत लागायचं. ती खरखर म्हणजे बारीक कचच. चालताना मांडीवर मांडी घासते तेव्हा तीच कच पॉलिश पेपरसारखी धागे कापते. त्यात न धुतलेलं कापड ताणून सैल झालं होतं, पँट कमरेवरून खाली उतरली होती आणि आसन जिथे असायला हवं त्याच्या इंचभर खाली लोंबत होतं. लोंबणारं आसन प्रत्येक पावलाला घासतं. नोव्हेंबरमध्ये ते फाटलं.

फाटल्यावर मी ती धुतली. पहिल्या बादलीचं पाणी काळपट निघालं, दुसऱ्या बादलीचं निळं. वाळल्यावर पाहिलं तर मांडीवरच्या रेघा आदल्या दिवशीपेक्षा दुपटीनं स्पष्ट होत्या. म्हणजे फेड थोडा का होईना आला होता. झिजून सुटलेली नीळ आणि मळ मिळून त्यावर झाकण पडलं होतं. तेव्हा ‘फेड येतच नाही’ असं वाटत असेल तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालानं मांडीवरची एखादी घडी हलकेच पुसून पाहा. पुसलेला भाग उजळ आणि शेजारचा करडा दिसला तर फेड आलेला आहे, फक्त धुणं बाकी आहे.

न धुण्याचा हा सल्ला सरसकट खोटा नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०११ साली एका विद्यार्थ्यानं १५ महिने न धुतलेल्या रॉ जीन्सवरचे जिवाणू मोजले गेले. मग ती धुतली, पुन्हा १३ दिवस वापरली आणि परत मोजले, तर संख्या साधारण तेवढीच भरली. म्हणजे न धुतल्यानं जिवाणू वाढतच जातात असं दिसलं नाही. पण ते शहर एडमंटन, थंड आणि कोरडं. आपल्याकडे प्रश्न घामाचा, मिठाचा आणि धुळीचा आहे, आणि तो कापडाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. जीन्स फ्रीझरमध्ये ठेवून हे सुटत नाही. थंडीनं जिवाणू निपचित पडतात, अंगाच्या उबेत पुन्हा जागे होतात, आणि मीठ-कच जिथल्या तिथेच राहते.

दुसरी जोडी मी दिवाळीनंतर सुरू केली. कापड पुन्हा १४ औंसाचं, सॅनफोराइज्डच. आधी एकदा भिजवून घेतली, कारण सॅनफोराइज्ड कापडही एक ते तीन टक्के आटतं आणि हे आटणं लांबी कापून शिवण्याच्या आधी उरकलेलं बरं. भिजवल्यानं थोडी खळ जाते हे खरं, पण साबण न लावता कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली तर पुरेशी उरते. वाळल्यावर पुन्हा कडक होते, त्यावरून ते कळतं.

इथे एक सूचना कळकळीनं करतो. सॅनफोराइज्ड नसलेलं कापड असेल तर भिजवण्याआधी लांबी कापू नका. ते सात ते दहा टक्के आटतं. पायाची आतली लांबी ३४ इंच असेल आणि कापड आठ टक्के आटलं, तर जवळजवळ पावणेतीन इंच जातात आणि ३१ इंचांच्या थोडं वर उरतं. ज्यांनी आधी ३१ वर कापून घेतली त्यांची पँट पहिल्या भिजवणीनंतर घोट्याच्या वर चढते, आणि याला उपाय नाही. असं कापड बऱ्यापैकी गरम, सुमारे ६० अंशांच्या पाण्यात भिजवावं, म्हणजे आटायचं ते एकदाच आटतं.

दुसरी जोडी नोव्हेंबरच्या मध्यापासून आठवड्यातून चार दिवस घातली. रात्री खुंटीला न लावता खिडकीशी दोरीवर टाकायची, म्हणजे घाम सुकतो. १४ आठवड्यांत ५६ वेळा वापरून झाली तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता. दुपारी ऊन चढायला लागलं होतं, आणि रात्रभर वाऱ्यावर ठेवूनही सकाळी वास राहायला लागला. तीच पहिली धुण्याची वेळ. घड्या तोवर पक्क्या बसल्या होत्या, मांडीवर आडव्या रेघा दिसत होत्या, गुडघ्यामागची जाळी उठू लागली होती. त्यानंतर साधारण २० वेळा वापरल्यावर दुसरी धुणी, एप्रिल-मेमध्ये दर दहा वेळांनी, आणि मेच्या अखेरीस एक शेवटची धुऊन खडखडीत वाळवून थेट ऑक्टोबरपर्यंत कपाटात. दुसऱ्या हिवाळ्यात वापर १३० दिवसांवर पोचला तेव्हा मी दोन्ही पँटी शेजारी अंथरून पाहिल्या. पहिली एकसारखी करडी-निळी होती. दुसरीत घड्यांच्या टोकांवर पांढरं आणि दोन घड्यांच्या मध्ये अजून गडद निळं होतं. आसन शाबूत होतं.

म्हणून ‘किती महिन्यांनी धुवायची’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. महिने मोजू नका, वापराचे दिवस मोजा आणि कापड काय सांगतं ते बघा. रात्रभर वाऱ्यावर टाकून वास गेला नाही, आसनाच्या आत चिकट लागलं, घामाच्या पांढऱ्या कडा दिसल्या किंवा गुडघे पोंगून परत बसेनासे झाले, यातलं काहीही झालं की धुवा, मग वीसच दिवस झाले असतील तरी. नाशिक-पुण्याच्या कोरड्या थंडीत हा पल्ला माझ्या ५६ दिवसांच्याही पुढे जाऊ शकेल. रत्नागिरीत किंवा पणजीत तो कमीच भरणार. आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर त्याच दिवशी धुवा. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात, तिथे फेडचा विचार करायचा नाही.

धुवायची कशी, यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. मशीनमध्ये रॉ जीन्स कोंबली की पायांना उभ्या, वेड्यावाकड्या घड्या पडतात, त्या ड्रमवर घासतात आणि तिथे पांढरे चट्टे उठतात. हे चट्टे कधीच जात नाहीत, कारण ती झीज आहे, डाग नव्हे. पहिल्या तीन-चार धुण्या तरी हातानंच करा. बटणं लावून पँट उलटी करा. पाय आडवे पसरतील असा मोठा टब किंवा आंघोळीचं घमेलं घ्या, बादलीत ती दुमडली जाते. पाणी कोमट, हाताला जेमतेम ऊन लागेल इतकं. साबण द्रवरूप आणि सौम्य, दोन छोटे चमचे पुरतात. ‘पांढरेशुभ्र’ करणाऱ्या पावडरी टाळा. त्यांत बऱ्याचदा उजळपणा आणणारी द्रव्यं किंवा ब्लीच असतं आणि निळ्याचा जिवंतपणा त्यानं मारला जातो. पँट पाण्याखाली राहावी म्हणून वर भरलेला तांब्या ठेवा. अर्ध्या-पाऊण तासानं तळव्यांनी दाबून मळ काढा, आसन आणि कमरपट्टा बोटांनी चोळा, बाकी कुठे ब्रश नको आणि मोरीच्या दगडावर धोपटणं तर अजिबात नको. साबणाची बुळबुळ जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढा. पाणी शेवटपर्यंत निळसर येईल, त्याची काळजी नको.

पिळू नका. कमरेकडून चिमटे लावून सावलीत निथळत ठेवा, थोडी ओलसर असतानाच हातानं पाय सरळ ओढून घ्या. १४ औंसाची जीन्स उन्हाळ्यात दिवसभरात वाळते. पावसाळ्यात तिला दीड दिवसही लागतो, आणि तेवढ्यात कुबट वास धरतो. मेमध्येच धुऊन ठेवून देण्याचं हे आणखी एक कारण.

धुताना मीठ, व्हिनेगर किंवा तुरटी टाकून रंग ‘बसवण्याचा’ सल्ला घरोघरी मिळतो. काही रंगांना तुरटी लागते, कारण ते तिच्या आधारानं धाग्याला धरून राहतात. इंडिगो तसा बसतच नाही. तो धाग्याच्या पृष्ठभागात अडकलेला असतो आणि यातल्या कशानंही जास्त घट्ट होत नाही. पहिले काही आठवडे तो उतरणारच, म्हणून फिकट सोफा, पांढरे बूट आणि कापडी पिशवी सांभाळा.

आसनाचं तेवढं वेगळं सांगतो, कारण फाटण्याआधी ते कळतं. प्रत्येक धुण्यानंतर पँटच्या आत मोबाईलची बॅटरी लावून आसनाची जागा बाहेरून पाहा. एरवी उजेड एकसारखा अंधूक दिसतो. कुठे उजळ ठिपका दिसला, आणि जवळून बघितल्यावर निळे धागे झिजून नुसते आडवे पांढरे धागे समांतर उरलेले दिसले, तर ताणा गेला आहे आणि भोक पडायला थोडेच आठवडे आहेत. याच वेळी रफू करून घ्या. आधी धुऊन घ्या, मळलेल्या धाग्यांवर रफू टिकत नाही. आतून मऊ, पातळ सुती कापडाचा तुकडा लावायचा आणि त्यावरून गडद निळ्या सुती दोऱ्यानं मशीनची दाट टीप पुढे-मागे मारायची. रफू झिजलेल्या जागेच्या सगळ्या बाजूंनी किमान इंचभर बाहेर, चांगल्या कापडात गेला पाहिजे. जाड डेनिमचं ठिगळ लावू नका. त्याची कड कडक असते आणि त्या कडेलाच नवं फाटतं. चालू दुकानात ‘फाटल्यावर आणा’ म्हणतात, पण तुम्ही आग्रह धरा. भोक पडल्यावर ओढून शिवलं तर शिवणीचा ताण बदलतो आणि पँट तिथे कायम चिमटलेली राहते. पट्टा लावून पँट कमरेवर नीट चढवून घातली तर ही वेळ बरीच पुढे ढकलली जाते.

धुऊन विकलेल्या जीन्सला यातलं बहुतेक लागू नाही, आणि लोक नेमकं तिलाच सहा महिने न धुता घालतात. कारखान्यात तिची खळ गेलेली असते. एन्झाइम किंवा प्युमिस दगडाबरोबर फिरवून वरची नीळ बरीच काढलेली असते. मांडीवरच्या रेघा पॉलिश पेपरनं, रसायनाच्या फवाऱ्यानं किंवा लेसरनं पाडलेल्या असतात, त्याही एका ठरावीक साच्यावर. तुमच्या बसण्या-उठण्याच्या घड्या त्या रेघांवर पडत नाहीत, थोड्या बाजूला पडतात. न धुता घालत राहिलात तर दोन्हींची सरमिसळ होऊन चित्र धूसर होतं. अशी जीन्स चार-सहा वेळा घातली की खुशाल धुवा, उलटी करून, थंड पाण्यात, मशीनमध्येही चालेल. तिला सावलीत वाळवलं की कारखान्यानं दिलेला फेड बराच काळ तसाच राहतो. इलॅस्टेन असेल, म्हणजे कापड ताणलं जात असेल, तर गरम पाणी आणि कडक इस्त्री टाळा. उष्णतेनं त्याची लवचीकता जाते आणि गुडघे सुटतात. अशा कापडावर घडी पक्की बसत नाही, त्यामुळे ते रॉ असलं तरी ठसठशीत फेडची अपेक्षा धरू नका.

फक्त एकदा पाण्यातून काढलेली गडद जीन्स या दोन्हींच्या मधली. नीळ जवळजवळ पूर्ण असते, खळ नसते. फेड येतो, पण मऊ कडांचा आणि उशिरा. तिला पहिल्यांदा २५-३० वापरांनी धुतलेली चालते.

ज्यांची पँट आज करडी पडलेली आहे त्यांनी ती टाकू नये. नीट धुवा, बॅटरी लावून आसन तपासा, लागेल तिथे रफू करून घ्या आणि दिवाळीनंतर पुन्हा काढा. खळ परत येत नाही, पण वाळल्यावर जुन्या घड्या आपल्या जागी परततात आणि उरलेली नीळ त्यांच्यावरच झिजते. माझी पहिली जोडी मी अशीच आणखी दोन हिवाळे वापरली.